उतरंड ते हिवरपट्टी: पाऊच छापण्याआधी नाव तपासल्याच्या नोंदी

लातुरात मी छोट्या उद्योजकांची ट्रेडमार्कची कामं करतो. औसा तालुक्यातल्या एका ताईंच्या येसर-मसाल्यासाठी नाव तपासलं, त्या कामाच्या या नोंदी. ताईंचं सुरुवातीचं नाव, त्याला आडवं आलेलं चिन्ह आणि शेवटी ठरलेलं नाव, ही तिन्ही मी बदलून लिहिली आहेत. अक्षरांची अडचण मात्र जशी होती तशीच ठेवली. मधे विचारात आलेलं ‘येळवस’ हे नाव मात्र बदललं नाही, कारण तो सण सगळ्यांचाच आहे.

10 नोव्हेंबर

ताई मुलाला घेऊन आल्या. येसर, काळा मसाला, जवसाची आणि कारळाची चटणी असे चार प्रकार. आजवर साध्या पिशवीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी लावून विकत होत्या. जानेवारीत बचत गटांच्या प्रदर्शनात गाळा मिळालाय, म्हणून छापील पाऊच हवेत. नाव ठरलेलंच होतं: ‘उतरंड’. माजघरात एकावर एक रचलेली मडकी. नाव ऐकून मलाही आवडलं, आणि तिथेच जरा सावध झालो. जे आपल्याला पटकन आवडतं ते आणखी कुणाला तरी सुचलेलं असतं.

मुलाच्या हातात प्रिंटरचं कोटेशन होतं. पाच रंगांची छपाई, म्हणजे प्रत्येक रंगाला एक याप्रमाणे पाच सिलिंडर, आणि ते प्रत्येक पाऊचसाठी वेगळे. सिलिंडरवर नाव कोरलेलं असतं. नाव बदललं की ज्या रंगांत ते नाव आहे ते सगळे सिलिंडर भंगारात. शिवाय प्रिंटर प्रत्येक डिझाइनची किमान 300 किलो फिल्म घ्या म्हणतो. चटणीच्या छोट्या पाऊचसाठी एवढी फिल्म म्हणजे दोन वर्षं पुरेल. मी विचारलं, “ॲडव्हान्स दिलाय का?” नव्हता दिला. बरं झालं.

ताईंचं म्हणणं होतं की उद्यम नोंदणी ‘उतरंड फूड्स’ नावानेच झालीय, अन्नसुरक्षा नोंदणीतही तेच नाव आहे, सरकारने दोनदा मान्य केलंय. हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा असतो. उद्यमचा कागद तुमचा धंदा किती छोटा ते सांगतो, अन्नसुरक्षेचा नंबर तुम्ही कुठे काय बनवता ते सांगतो. ते नाव दुसऱ्या कुणाचं आहे का, हे त्या दोन्ही कार्यालयांत कुणी बघत नाही.

11 नोव्हेंबर

ट्रेडमार्कच्या नोंदीत माल आणि सेवा क्रमांकाच्या वर्गांत वाटलेल्या असतात, म्हणून आधी वर्ग ठरवले. मसाले, येसर, चटण्या वर्ग 30 मध्ये. लोणचं आणि भाजलेले दाणे वर्ग 29 मध्ये. ताई आज लोणचं करत नाहीत, पण उन्हाळ्यात करणार आहेत, म्हणून 29 पण बघायचा. याशिवाय 31 मध्ये कच्चा शेतमाल, 35 मध्ये दुकान चालवणं आणि 43 मध्ये खानावळ-हॉटेल येतं. अर्ज एकाच वर्गात करायचा असला तरी शोध या पाचही वर्गांत घेतो. माल एकमेकांजवळचा आहे का, हे वर्गाच्या आकड्यावरून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयात 1959 साली ‘ग्लुकोव्हिटा’ आणि ‘ग्लुव्हिटा’ यांच्या खटल्याचा निकाल लागला. एक ग्लुकोज पावडर, दुसरं बिस्किट. माल वेगळा असूनही दोन्हींचा धागा एकच आहे असं लोकांना वाटेल, म्हणून बिस्किटवाल्याला ते नाव मिळालं नाही. मग मसाला आणि लोणचं तर एकाच फडताळावरचे.

12 नोव्हेंबर

शोधाचा दिवस. ट्रेडमार्क कार्यालयाच्या सार्वजनिक शोधाच्या पानावर तीन वाटा आहेत: `Wordmark`, `Phonetic` आणि चित्रांसाठी `Vienna Code`. ताईंच्या मुलाने घरी आधीच ‘बघून’ ठेवलं होतं. त्याने `Wordmark` मध्ये `Match With` निवडून `UTARAND` टाकलं, वर्ग 30 लिहिला, काहीच आलं नाही, आणि नाव मोकळं आहे असं त्याने आईला सांगून टाकलं. त्याने जे केलं त्याचा अर्थ एवढाच की याच सात अक्षरांचं, याच क्रमाचं नाव वर्ग 30 मध्ये नाही.

मराठी नावांची खरी गोम इथे आहे. नाव देवनागरीत असलं तरी नोंदीत ते बहुतेक वेळा रोमन अक्षरांत चढतं, आणि कोणत्या स्पेलिंगने चढेल ते अर्ज भरणाऱ्याच्या हातात. एक जण ‘त’साठी एक t लिहितो, दुसरा th, तिसरा दोन t. मधला ‘अ’ कुणी लिहितो, कुणी गाळतो. ‘व’चा v आणि w, ‘ळ’चा l, ‘ई’चा i किंवा ee, ‘श’चा sh किंवा नुसता s. म्हणून पूर्ण शब्द कधीच टाकायचा नाही. शब्दाचे तुकडे करायचे आणि `Start With` व `Contains` वापरायचं.

मी वहीत अशी यादी केली:

```
Start With : utar, utra, uthr, utha, utt, oot
Contains   : tarand, trand, tarund, trund
वर्ग       : 29, 30, 31, 35, 43
```

दहा तुकडे, पाच वर्ग, म्हणजे पन्नास शोध. एका वेळी एकच वर्ग चालतो आणि मधूनमधून पान अडतं, म्हणून जेवण धरून दुपार गेली. पण सापडलं ते यातल्या एकाच तुकड्यामुळे. `utar` टाकलं तर `UTTARANG` येत नाही, कारण त्यात दोन t आहेत आणि `utar` ही चार अक्षरं सलग कुठेच नाहीत. `tarand` टाकूनही येत नाही, कारण शेवटी d ऐवजी g आहे. `utt` वर मात्र वर्ग 30 मध्ये ते लगेच समोर आलं: ‘उत्तरंग’. माल: मसाले, चटणी पूड, पापड. स्थिती `Registered`.

`Phonetic` मध्ये `UTARAND` टाकून पाहिलं. मोठी यादी आली, त्यात कशाचा कशाला पत्ता नव्हता, आणि ‘उत्तरंग’ तर नव्हतंच. आवाजाचा शोध म्हटल्यावर लोकांना वाटतं की यंत्र कानाने ऐकतं. ते रोमन अक्षरांना ठरावीक नियम लावतं, आणि ते नियम मराठी उच्चारासाठी बनवलेले नाहीत. त्या यादीत काही सापडलं तर घ्यावं. सापडलं नाही म्हणून मात्र सुटल्याचा श्वास सोडू नये.

वर्ग 29 मध्ये आणखी एक ओळ मिळाली, `UTRAND`, स्थिती `Abandoned`. हा अर्जदाराने अर्धवट सोडलेला अर्ज. नोंदणीच्या दृष्टीने तो आडवा येत नाही, पण त्या माणसाने अर्ज सोडला याचा अर्थ धंदा सोडला असा होत नाही. वहीत लिहून ठेवलं, बाजारात शोधायचं म्हणून.

13 नोव्हेंबर

‘उत्तरंग’ची नोंद पूर्ण उघडून वाचली. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते आणि ती पुढे वाढवता येते. यांनी एकदा वाढवून घेतलीय, अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. नोंदीत वापर कधीपासून आहे तेही लिहिलेलं असतं. इथे तारीख जुनी होती. नाव घेऊन बसलेलं पण बंद पडलेलं दुकान असेल का, हे बघायला ऑनलाइन शोधलं, तर माल चालू आहे. पश्चिम महाराष्ट्रातला उत्पादक, पाऊच छान, तिखटासकट सगळं विकतो.

आता प्रश्न असा की ‘उतरंड’ आणि ‘उत्तरंग’ हे सारखे आहेत का. ताईंना फोन केला तर त्यांनी उलट मलाच शिकवलं. “उतरंड म्हणजे मडकी, उत्तरंग म्हणजे दाराच्या चौकटीचं वरचं लाकूड. कुठं मडकं अन् कुठं चौकट?” अर्थाने बरोबर आहे. पण कायदा अर्थाला एवढं महत्त्व देत नाही.

मद्रासकडच्या तपकिरीच्या दोन नावांचा खटला मी अशा वेळी सांगतो. एकाचं नोंदलेलं नाव ‘श्री अंबाळ’, दुसऱ्याला हवं होतं ‘श्री आंडाळ’. एक देवी, दुसरी संत कवयित्री, तमिळ माणूस दोघींत कधी गल्लत करणार नाही. तरी 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कानाला दोन्ही सारखे लागतात, आणि दुकानात नाव तोंडाने मागितलं जातं. आंडाळची नोंदणी झाली नाही. फरक अर्थात पूर्ण होता आणि उच्चारात जेमतेम एका व्यंजनाचा. आमचंही तसंच, शेवटी ‘ड’ की ‘ग’.

दुसरा त्याहून जुना, ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’, 1962 चा. घरोघरी ठेवतात तसलं औषध. तिथे न्यायालयाने मोजमापाचा माणूस कोण तेही सांगितलं: गावचा किंवा शहरातला, शिकलेला किंवा न शिकलेला, साधारण बुद्धीचा, आणि ज्याला आधी घेतलेल्या मालाचं नाव धूसर आठवतं असा. दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक शोधणारा वकील तिथे धरलेला नाही. हे डोक्यात ठेवलं की निम्मे वाद आपोआप मिटतात.

14 नोव्हेंबर

वाद घालण्यापेक्षा करून बघितलं. गंजगोलाईत ओळखीचे एक किराणावाले आहेत. सकाळी अकराला, म्हणजे हमालांची आणि टेम्पोंची गर्दी ऐन भरात असताना, त्यांना फोन लावला. म्हणालो, “मामा, मी नाव सांगतो त्या मसाल्याचं, तेवढं कागदावर लिहून फोटो पाठवा. मला उलट विचारायचं नाही.” एकदाच म्हणालो: “उतरंड मसाला.”

फोटो आला. वाण्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘उतरंग मसाला’.

आणखी चौघांना केलं. निलंग्याच्या एकाने बरोबर लिहिलं, अहमदपूरच्या एकाने ‘उत्तरंग’ असं दोन त देऊन लिहिलं, बाकी दोघांनी ‘उतरंग’. पाचांत एकच बरोबर. ही काही न्यायालयात चालणारी पाहणी नाही, पण ताईंना दाखवायला एवढा पुरावा पुरे होता.

मुलाने पर्याय सुचवले. ‘ताईंची उतरंड’ करू का? मडक्यांचं चित्र मोठं टाकू का? पुढे-मागे शब्द जोडून गाभा बदलत नाही. लक्षात राहतो तो ‘उतरंड’च. आणि चित्र फोनवर ऐकू येत नाही. मी साफ नको म्हणालो. अर्ज केला तर परीक्षकाने ‘उत्तरंग’ दाखवून हरकत घेतली असती, आणि त्याच्या नजरेतून सुटलं असतं तरी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने विरोधाची मुदत असते, तेव्हा ते लोक आले असते. त्याही आधी, माल बाजारात गेल्या-गेल्या नोटीस आली असती ती वेगळीच.

ताई गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे अडीच वर्षं आमी जे नाव मनात धरलं ते गेलं म्हणा की.” हो म्हणालो. याला दुसरं उत्तर नव्हतं.

18 नोव्हेंबर

मुलाकडून सात नावं आली. ‘येसर राणी’, ‘अस्सल येसर’, ‘लातूरी तडका’ ही तिथेच कापली. येसर हे मालाचंच नाव आहे. लग्नातली येसर आमटी मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. मालाचं नाव, त्याची प्रत किंवा गाव सांगणारा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही, कायद्याच्या कलम 9 मध्ये ते स्पष्ट आहे. पाकिटावर ‘येसर’ लिहावंच लागेल, पण ते ओळख म्हणून नाही, आत काय आहे ते सांगायला.

एक नाव चमकलं: ‘येळवस’. आमच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. सगळं गाव रानात, कोप केलेली, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. खाण्याच्या मालाला याहून घरचं नाव कोणतं? पुन्हा वही काढली: `yel`, `yal`, `vel`, `wel`, `elv`, `elw`, आणि `Contains` मध्ये `lvas`, `lwas`, `lavas`, `lawas`. पाचही वर्ग. `vel` आणि `wel` ने भरपूर कचरा आणला, पण कामाचं काही आडवं नव्हतं. नोंदवही कोरी.

20 नोव्हेंबर

नोंदवही कोरी म्हणून मुलगा खूश. मी त्याला म्हणालो, आता बाजार. कारण नोंदणी न करता नाव वापरणाऱ्याचाही हक्क असतो. तुमच्या आधीपासून जो ते नाव लावून माल विकतोय, त्याला तुमची नंतरची नोंदणी थांबवू शकत नाही. उलट त्याच्याकडे जुनी बिलं असली तर तोच तुम्हाला न्यायालयात खेचू शकतो. आणि आपल्याकडचे निम्म्याहून जास्त पापड-मसालेवाले नोंदणीच्या भानगडीत पडलेलेच नसतात. त्यामुळे नोंदवहीत ते दिसत नाहीत, फडताळावर दिसतात.

नेटवर देवनागरीत आणि रोमनमध्ये, नावापुढे मसाला, पापड, चटणी, फूड्स जोडून शोधलं. फोटोंच्या निकालांत जास्त वेळ घालवला, कारण छोट्यांची वेबसाइट नसते पण कुणीतरी पाकिटाचा फोटो टाकलेला असतो. तिथे काही नाही. मग संध्याकाळी पायी. लातूर बसस्थानकाजवळची दुकानं, दोन मोठी किराणा दुकानं, बचत गटाचं विक्री केंद्र.

विक्री केंद्रात खालच्या फळीवर, शेवयांच्या मागे ज्वारीच्या पापडांचा पुडा. पिवळा कागद, वर जांभळ्या अक्षरात ‘येळवस पापड’. पाठीमागे निलंगा तालुक्यातलं गाव, अन्नसुरक्षेचा नंबर, पॅकिंगचा महिना. एक पुडा घेतला, पावती घेतली, पुड्याचा पुढून-मागून फोटो काढला. तारीख लागलेली पावती नेहमी घ्यावी, पुढे कधी काय लागेल सांगता येत नाही.

21 नोव्हेंबर

पुड्यावरच्या नंबरवर फोन केला. आडून विचारायची सवय मला नाही. काय काम आहे ते सांगितलं. एक मावशी बोलल्या. सहा वर्षांपासून करतात, पहिल्या वर्षीचं कागद छापल्याचं बिल अजून आहे, जत्रेत आणि प्रदर्शनात माल जातो. नोंदणी? “ती काय असतीया? आमाला कुणी सांगितलंच नाही.”

ताईंना दोन्ही बाजू मांडल्या. अर्ज केला तर परीक्षकाला नोंदवहीत काही सापडणार नाही, नोंदणी कदाचित मिळेलही. पण मावशी सहा वर्षं आधीपासून आहेत, मालही तसाच घरगुती, आणि गाळे एकाच प्रदर्शनात लागतात. त्यांनी विरोध केला तर बिलं त्यांच्या बाजूने बोलतील. सहा वर्षांत त्यांच्या नावाला बाजारात किती ओळख मिळाली हे त्यांना सिद्ध करावं लागेल, आणि ते अवघड जाऊ शकतं, हेही खरं. काही वकील म्हणतील, आधी अर्ज टाका, मग बघू. मी तो सल्ला देत नाही.

ताईंनी माझं बोलणं संपूही दिलं नाही. “एकाच गाळ्याच्या रांगेत बसायचं अन् तिच्याच नावानं विकायचं? राहू द्या.” मावशींना मी उलट फोन करून सांगितलं की तुमचं नाव तुम्हीच नोंदवून घ्या.

25 नोव्हेंबर

आता नाव शोधायची पद्धत बदलली. शब्दकोश बंद केला. ताईंना म्हणालो, तुमच्या घरी, शिवारात, माहेरी कशाला काय म्हणता ते सांगा, मसाल्याशी संबंध नसलेलं. ज्या शब्दाचा मालाशी काही संबंध नाही तो नोंदणीला सगळ्यात मजबूत असतो, आणि दुसऱ्याला तो सुचायची शक्यताही कमी.

आपल्याकडे रानाच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं. बारवाची पट्टी, खडकुली, चिंचखालचं. ताईंच्या सासऱ्यांच्या रानात हिवराचं एक झाड उभं आहे, त्या तुकड्याला घरात ‘हिवरपट्टी’ म्हणतात. येसरासाठी लागणारी ज्वारी तिथलीच. मुलगा म्हणाला, “हे काय नाव झालं?” मला वाटलं, हेच.

26 नोव्हेंबर

आधी ते गावाचं नाव नाही ना हे नकाशात पाहिलं. हिवरा, हिवरवाडी अशी गावं सापडतात, हिवरपट्टी सापडलं नाही. मग शोध: `hiv`, `hiw`, `heev`, `heew`, `hev`, `hew`, आणि `Contains` मध्ये `varpat`, `warpat`, `vrapat`. जोडीला `patti`. वर्ग 30 मध्ये `patti` टाकल्यावर पानामागून पान चहाच. चहापत्तीची पत्ती रोमनमध्ये आमच्या पट्टीसारखीच लिहितात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हसू आलं, पण सगळी यादी खालपर्यंत वाचली. हिवरच्या जवळपास काही नाही.

कानाची परीक्षा त्याच पाच दुकानदारांकडे. चौघांनी ‘हिवरपट्टी’ लिहिलं. पाचव्याने ‘शिवारपट्टी’. हा धडा कामाचा होता, कारण शिवार शब्द मी तपासलाच नव्हता. पुन्हा बसलो: `shiv` टाकलं तर शिवाच्या नावाचा महापूर, म्हणून `shivar`, `shiwar`, `sivar`. धान्य आणि मसाल्यांत शिवार असलेली काही चिन्हं निघाली, वेगवेगळ्या मालकांची, शेजारीशेजारी नोंदलेली. त्याचा अर्थ ‘शिवार’ एकट्या कुणाच्या ताब्यात नाही. ‘शिवारपट्टी’ असं पूर्ण नाव कुठेच नाही. आमचं पूर्ण नाव त्यांतल्या कुणापेक्षाही वेगळं ऐकू येतं. धोका शून्य आहे असं मी ताईंना सांगितलं नाही. उत्तरंगच्या तुलनेत तो खूप लहान आहे, आणि तो घ्यायला हरकत नाही, एवढं सांगितलं.

बाजारातही फिरलो. नेट, दुकानं, विक्री केंद्र, दोन दिवस. काही नाही.

29 नोव्हेंबर

अर्ज भरला. `TM-A`, वर्ग 30, नुसता शब्द, चित्राशिवाय. शब्दाचा अर्ज घेतला की पुढे अक्षरांचं वळण किंवा चित्र बदललं तरी संरक्षण शब्दालाच राहतं. ऑनलाइन शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये, कारण एकट्या व्यक्तीला आणि उद्यममधल्या छोट्या उद्योगाला हाच दर आहे; मोठ्या कंपनीला 9,000 पडतात.  रोमन उच्चार `HIVARPATTI` दिला, अर्थ लिहिला. वापर अजून सुरू नाही, म्हणून ‘वापरणार आहे’ असं दाखवलं. मुलाला अडीच वर्षं आधीची तारीख टाकायची होती, म्हणजे ‘जुनं’ दिसेल. ती अडीच वर्षं वेगळ्या नावाची, किंवा बिननावाची होती. वापराची खोटी तारीख दिली की पुढे तीच सगळ्या अर्जाच्या गळ्याशी येते.

लोणच्यासाठी वर्ग 29 उन्हाळ्यात बघू, असं ताई म्हणाल्या. पैशाचा प्रश्न आहे, समजू शकतो. पण या आठवड्यात केलेला शोध उन्हाळ्यात शिळा झालेला असेल. दरम्यान कुणीही अर्ज टाकू शकतं. तेव्हा पुन्हा शोधावं लागेल, हे लिहून दिलं.

2 डिसेंबर

प्रिंटरकडे. मी ताईंना सांगितलं होतं की परीक्षकाचा अहवाल येईपर्यंत सिलिंडर करू नका. साधा पाऊच घ्या, पुढे स्टिकर लावा. अहवालात हरकत आली तर उत्तराला एक महिना असतो, आणि त्या काळात 300 किलो फिल्म घरात नको. प्रिंटरचं तोंड उतरलं. “काय करलालाव साहेब, स्टिकरला काय शोभा असती?” शोभेबद्दल त्याचं खरं आहे.

त्याच्या डिझाइनरने नमुना केला होता. लाल-पिवळा पट्टा, खाली मिरच्या, कोपऱ्यात पदर घेतलेली बाई. एका नावाजलेल्या मसाल्याची आठवण येत होती, नाव सोडून बाकी सगळी. मी पारले बिस्किटांच्या 1972 च्या खटल्याची गोष्ट सांगितली. एका वेष्टनावर मुलगी, गायी, कोंबड्या. दुसऱ्यावरही मुलगी, गाय, कोंबड्या, फक्त एकीच्या हातात बादली आणि दुसरीच्या डोक्यावर चाऱ्याचा भारा. नाव वेगळं असूनही सर्वोच्च न्यायालयाने वेष्टन फसवं धरलं. म्हणजे नाव तपासून निम्मंच काम होतं. ताई म्हणाल्या, हिवराचं झाड टाका. झाडाच्या चित्रासाठी `Vienna Code` मध्ये 5.1 हा गट पाहिला. झाडं अगणित आहेत, पण हिवरासारखं काटेरी, विरळ, एका बाजूला कललेलं कुणाचं दिसलं नाही. रंग हिरवट-राखी ठरला.

6 डिसेंबर

स्टिकरचं प्रूफ आलं. दोन चुका. नावाच्या डोक्यावर ® होतं. डिझाइनर म्हणाला, सगळेच लावतात. नोंदणी झाल्याशिवाय ® लावणं कायद्याने गुन्हा ठरवलेलं खोटं आहे. अर्ज चालू असताना ™ चालतं, तेच टाकायला लावलं. दुसरी चूक बारीक: खाली रोमनमध्ये `HIWARPATTI` छापलं होतं. अर्जात v आहे. ज्या w-v च्या घोळात मी पंधरा दिवस काढले तोच आमच्याच स्टिकरवर बसला होता. ताईंच्या मुलाने तो आधी पकडला, मी नव्हे.

दुरुस्त करून सह्या घेतल्या. चार प्रकारांचे प्रत्येकी 1,000 स्टिकर. येसराच्या स्टिकरवर ‘येसर’ लहान आणि ‘हिवरपट्टी’ मोठं, हे प्रिंटरला पेनाने गोल करून दाखवलं.